जुना फोटो दुरुस्तीआधी स्कॅन करताना: ३००, १२०० की ४८००?

प्रश्न: आजी-आजोबांचा १९६० च्या आसपासचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, पांढऱ्या किनारीसकट अडीच बाय साडेतीन इंच. पिवळा पडलाय, मधोमध एक घडी आहे आणि आजीच्या पदरावर कुंकवाचा डाग पडलाय. १२ बाय १८ चा करून भिंतीवर लावायचा आहे. फोटोच्या दुकानातून ३०० डीपीआयला स्कॅन करून जेपीईजी मिळाला. भाऊ म्हणतो ४८०० ला कर. घरी साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे. फोटोशॉपमध्ये दुरुस्ती सुरू करण्याआधी नेमक्या कुठल्या सेटिंगला स्कॅन करू?

उत्तर:

आधी सरळ उत्तर देतो. १२०० डीपीआय, फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी मोड रंगीत, ४८ बिट, फाइल टिफ, आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद. घडी असल्यामुळे एकाऐवजी दोन स्कॅन. आता यातलं काय तुमच्या फोटोसाठी आहे आणि काय कुठल्याही फोटोला लागू पडतं, ते सांगतो. मी जुन्या फोटोंच्या दुरुस्तीचंच काम करतो, आणि लोक डीपीआयवर जेवढा वाद घालतात त्याच्या निम्मंही लक्ष बिट आणि रंगाकडे देत नाहीत. तुमच्या फोटोत खरी गोम तिथेच आहे. पण डीपीआयचा निकाल आधी लावू.

३०० ला तुमच्या फोटोचे ७५० बाय १०५० पिक्सेल होतात. ते १२ इंच रुंदीवर पसरले की इंचाला जेमतेम ६२ पिक्सेल येतात. भिंतीवर चार फुटांवरूनही चेहरे मऊ, मेणासारखे दिसतील. १२०० ला ३००० बाय ४२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे त्याच रुंदीवर इंचाला २५०, आणि भिंतीवरच्या फोटोला ते भरपूर झालं. ४८०० ला हिशोब वीस कोटी पिक्सेलच्या वर जातो आणि ४८ बिटमध्ये फाइल सव्वा जीबीच्या आसपास होते. साध्या लॅपटॉपवर तिच्यात क्लोन स्टॅम्पचा एक फटकारा मारला की चहा करून यायला वेळ मिळतो. जाता जाता, तुमच्या फोटोचं प्रमाण ५ : ७ आहे आणि १२ बाय १८ चं २ : ३. पूर्ण फोटो १२ बाय जवळपास १७ इंचच भरेल. उरलेल्या इंचाचं काय करायचं ते फ्रेमवाल्याशी बोलताना ठरवा, त्यासाठी फोटो ताणू नका.

पण हा सगळा भिंतीच्या बाजूने केलेला हिशोब झाला. तो अर्धाच आहे. प्रिंटमध्ये मुळात किती तपशील आहे हे भिंत ठरवत नाही. ते कॅमेऱ्याची लेन्स, निगेटिव्हचा आकार आणि प्रिंट कसा काढला यावर ठरतं. त्या काळी १२० च्या रोलवर सव्वादोन बाय सव्वातीन इंचाची निगेटिव्ह निघायची, आणि ती कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे. पांढरी किनार धरली की तो बरोबर अडीच बाय साडेतीनच्या आसपास येतो. त्यामुळे तुमचा फोटो कॉन्टॅक्ट प्रिंट असण्याची शक्यता मोठी आहे. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये एन्लार्जरची लेन्स मध्ये येत नाही, म्हणून एवढ्याशा कागदावर मोठ्या प्रिंटपेक्षा बारीक तपशील दाटून बसलेला असतो. तुम्हाला १२०० सांगितलं ते याच कारणाने. हाच फोटो पोस्टकार्ड आकाराचा, एन्लार्जरवर मोठा केलेला असता तर मी ६०० वर थांबायला सांगितलं असतं. अशा प्रिंटवर ६०० च्या वर गेलं की सहसा फिल्मचे दाणे आणि कागदाचा पोत तेवढा मोठा होतो.

कॉन्टॅक्ट प्रिंट आहे की नाही हे भिंगातून कळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग चेहऱ्यावर धरा. एन्लार्ज केलेल्या प्रिंटमध्ये गालाच्या मधल्या करड्या भागात दाणे दिसतात, कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये तो भाग गुळगुळीत राहतो आणि पापणीचे केस किंवा साडीच्या काठाची नक्षी सुटी दिसते. मात्र इथे कॅमेऱ्याचा प्रश्न येतो. साध्या लेन्सच्या बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला फोटो कॉन्टॅक्ट प्रिंट असला तरी कडांना मऊच असतो. त्यातून ६०० च्या पुढे फारसं काही निघत नाही. स्टुडिओतल्या चांगल्या लेन्सने काढलेला असेल तर १२०० ला नक्की काहीतरी जास्त मिळतं.

अंदाज नको असेल तर दहा मिनिटांची परीक्षा घ्या. आजीच्या एका डोळ्यापासून कानापर्यंतचा तुकडा निवडा आणि फक्त तेवढाच भाग ६००, १२०० आणि २४०० ला स्कॅन करा. पहिले दोन फोटोशॉपमध्ये तिसऱ्याच्या आकाराएवढे मोठे करून तिन्ही शेजारी ठेवा. आता बघायचं ते चेहऱ्याचंच, कागदाचं नव्हे. भुवईचे केस, कानातल्या कुड्यांचे मोती, केसांच्या भांगाची रेघ. ६०० वरून १२०० वर जाताना कुडीतले मोती वेगळे मोजता आले तर १२०० योग्य. २४०० ला मोती तेवढेच राहिले आणि फक्त कागदाचे तंतू, ओरखड्यांच्या कडा नि धूळ ठसठशीत झाली, तर तिथे थांबायचं. या परीक्षेत ६०० आणि १२०० सारखेच निघाले तरी मी छोट्या प्रिंटला १२०० च घेतो, कारण ओरखड्याच्या कडा जितक्या नीट दिसतात तितकं ब्रश चालवणं सोपं जातं. ती माझी सवय आहे, नियम नाही.

खोक्यावर छापलेल्या ४८०० ने भुलू नका. तो आकडा सेन्सरवर इंचाला किती बिंदू आहेत तेवढं सांगतो, समोरची लेन्स तेवढं वेगळं करू शकते असं नाही. ‘इंटरपोलेटेड’ म्हणून ९६०० किंवा त्याच्या वरचा आकडा दिला असेल तर तो निव्वळ फुगवटा. मधले पिक्सेल सॉफ्टवेअर स्वतः भरतं.

आता मूळ गोष्टीकडे. तुमच्या फोटोचे तीन आजार आहेत, पिवळेपणा, कुंकू आणि घडी. तिन्हींचा इलाज स्कॅनिंगच्या वेळीच अर्धा होतो किंवा कायमचा हातचा जातो.

ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून ग्रेस्केलला स्कॅन करायचं, हे फार सहज सुचतं. पण तुमच्यासमोरचा कागद आता ब्लॅक अँड व्हाइट राहिलेला नाही. त्यावर पिवळा-तपकिरी रंग आहे, लाल कुंकू आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलमध्ये हा कागद तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी नोंदला जातो. फोटोशॉपमध्ये Channels उघडून एकेक बघा.

कुंकू लाल प्रकाश परत फेकतं आणि हिरवा नि निळा गिळतं. त्यामुळे निळ्या नि हिरव्या चॅनेलमध्ये डाग काळाकुट्ट दिसतो, आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसा होतो. डाग पातळ असेल, बोट पुसल्यासारखा, तर लाल चॅनेलमध्ये त्याच्याखालची पदराची किनार, चुण्या सरळ दिसतात. तेवढा भाग लाल चॅनेलमधून उचलला की डागाची दुरुस्ती बहुतांशी झाली. हळदीचा डाग आणि कागदावरचे पिवळट ठिपकेही लाल चॅनेलमध्ये असेच फिके पडतात. मात्र कुंकवाचा थर जाड असेल, पुटं चढलेली असतील, तर लाल चॅनेलमध्ये तिथे सपाट उजळ ठिगळ दिसेल आणि त्यात काहीच तपशील नसेल. तिथे प्रकाश खालच्या चित्रापर्यंत पोहोचलेलाच नाही. मग हाताने रंगवण्यावाचून इलाज नाही.

आता याच्या बरोबर उलट गोष्ट. जुन्या प्रिंटमधली चांदी झिजते तसा फोटोचा फिका भाग तपकिरी-पिवळा होत जातो. पांढरी साडी, गालाची उजळ बाजू, धोतर अशा ठिकाणी राहिलेला तपशील पिवळट छटेतच उरतो. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो. म्हणून हा मरत चाललेला तपशील सगळ्यात स्पष्ट निळ्या चॅनेलमध्ये दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये बऱ्याचदा गायब असतो. पांढऱ्या साडीतल्या चुण्या लाल चॅनेलमध्ये कोऱ्या कागदासारख्या आणि निळ्यात मात्र शाबूत, हे मी वारंवार बघितलंय.

म्हणजे एकाच पदरावर तुम्हाला डागाखालचा भाग लाल चॅनेलमधून हवाय आणि आजूबाजूचा फिका भाग निळ्यामधून. ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलं तर तिन्ही चॅनेल ठरलेल्या प्रमाणात एकत्र कालवले जातात. त्यात सहसा हिरव्याचा वाटा सर्वात मोठा असतो आणि निळ्याचा अगदी थोडा. कालवलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. फोटो काळा-पांढरा करायचाच आहे, पण तो शेवटी, तुमच्या हाताने, भागाभागाला योग्य चॅनेल निवडून.

आता ४८ बिट का. ४८ बिट म्हणजे प्रत्येक चॅनेलला १६. नेहमीच्या २४ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला ८, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. नव्या प्रिंटला त्या पुरतात. पण विटलेल्या फोटोत खरा काळा नसतो आणि खरा पांढराही नसतो. असा फोटो स्कॅन करून हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत तो आलेख, बघितला तर चित्र साधारण ७० ते २०० च्या मध्ये आकसून बसलेलं दिसतं. त्यातही आजीची फिकी साडी समजा १८५ ते २०० च्या मध्ये आहे. सगळ्या चुण्या, सगळे काठ मिळून पंधरा पायऱ्या. या पंधरा पायऱ्या ताणून तुम्ही नीट दिसेल एवढा फरक आणायला गेलात की मधे काही नसल्यामुळे पट्टे पडतात. साडीवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या कडा दिसायला लागतात. १६ बिटमध्ये त्याच भागात फोटोशॉपला जवळपास दोन हजार पायऱ्या मिळतात. साध्या स्कॅनरच्या त्या सगळ्या पायऱ्या खऱ्या नसतात, खालच्या पायऱ्यांत त्याचा स्वतःचा खरखराट असतो. पण पट्टे पडण्यापेक्षा खरखराट केव्हाही परवडला, तो ताणला तरी डोळ्याला टोचत नाही.

हा पर्याय सॉफ्टवेअरनुसार वेगळ्या नावाने असतो, Image Type मध्ये `48-bit Color` किंवा व्ह्यूस्कॅन या वेगळ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये Bits per pixel खाली `48 bit RGB`. विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या स्कॅन ॲपमध्ये तो मिळत नाही आणि ऑल-इन-वन प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्येही बऱ्याचदा नसतो. स्कॅनर कंपनीच्या सॉफ्टवेअरचा प्रोफेशनल किंवा ॲडव्हान्स मोड उघडून बघा. तिथेही नसेल तर व्ह्यूस्कॅन तुमच्या मॉडेलला चालतं का ते तपासा. काहीच जमलं नाही तर २४ बिट रंगीत घ्या, पण ग्रेस्केलकडे जाऊ नका. दोन्हींपैकी एकच गोष्ट मिळणार असेल तर मी तुमच्या फोटोसाठी रंग निवडेन. जेपीईजी टाळायचा तोही याचसाठी, त्यात चॅनेलला ८ च बिट बसतात आणि रंगांची माहिती आणखी बारीक कापली जाते. म्हणजे कुंकवाच्या डागावर लागणारा लाल चॅनेल आधीच डागळून येतो.

मग आपोआप सुधारणा. स्कॅनर विकत घेणाऱ्या माणसाला पहिल्याच फटक्यात चकचकीत फोटो हवा असतो, म्हणून या गोष्टी बहुतेक वेळा चालू करूनच दिलेल्या असतात. कंपनीप्रमाणे नावं अशी दिसतील: Unsharp Mask, Dust Removal किंवा Reduce Dust and Scratches, Color Restoration किंवा Fading Correction, Backlight Correction, Auto Tone. सगळ्यांची खूण काढा.

यातलं Dust Removal मला सगळ्यात खटकतं. त्याला धूळ कळत नाही. गडद भागात बारीक उजळ ठिपका दिसला की तो पुसायचा, एवढंच त्याला कळतं. आपल्याकडच्या बायकांच्या जुन्या फोटोंत असे ठिपके कुठले असतात? नथीतले मोती, कुडीतले मोती, आणि डोळ्यातली चमक. ती चमक गेली की माणूस झोपेत असल्यासारखा दिसतो, आणि नक्की काय बिघडलंय हे घरच्यांना सांगता येत नाही. Unsharp Mask चेहऱ्याइतकाच ओरखड्यालाही धार लावतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उलट छटेची एकेक रेघ ओढतं. मग एका ओरखड्याऐवजी तीन रेघा पुसाव्या लागतात. धार शेवटी, प्रिंटला देण्याआधी लावायची असते.

Auto Tone आणि Fading Correction चा धोका वेगळा. ही मंडळी हिस्टोग्रामची दोन्ही टोकं ओढून फोटो उजळ करतात, आणि ओढताना फिक्या साडीतल्या शेवटच्या काही पायऱ्या थेट पांढऱ्याच्या भिंतीवर आपटतात. एकदा २५५ झालेलं परत येत नाही. स्कॅन झाल्यावर तिन्ही चॅनेलचा हिस्टोग्राम वेगवेगळा बघा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा हवी. उजव्या भिंतीला चिकटून उंच काठी उभी असेल तर एक्स्पोजर कमी करून पुन्हा स्कॅन. चांगला स्कॅन बघायला मळकट, फिका, पिवळा दिसतो. दुकानात तसा मिळाला तर गिऱ्हाईक परत करेल, म्हणून दुकानदार तसा देत नाही. त्याचाही दोष नाही.

घडीसाठी दोन स्कॅन म्हटलं ते असं. फ्लॅटबेडचा दिवा बहुधा एका बाजूने तिरपा पडतो. घडीचा उंचवटा त्यामुळे एका बाजूने चमकतो आणि दुसऱ्या बाजूला बारीक सावली टाकतो. फोटो काचेवर १८० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन केला की चमक आणि सावलीची अदलाबदल होते. बाकी सेटिंग, एक्स्पोजरसकट, तेच ठेवा. फोटोशॉपमध्ये दुसरा स्कॅन परत १८० अंश फिरवून पहिल्यावर ठेवा, Edit मधल्या Auto-Align Layers ने जुळवा आणि वरच्या थराची Opacity ५० टक्के करा. जिथे नुसता प्रकाशाचा खेळ होता तिथे घडी बरीच फिकी होईल. जिथे वरचा थर खरोखर तडकून उडालाय तिथे पांढरी रेघ राहील, आणि दुरुस्ती तेवढ्याच रेघेची करायची. १९७०-८० च्या दशकांतल्या दाणेदार, जाळीच्या पोताच्या रंगीत प्रिंटवरही मी हीच युक्ती वापरतो. तो पोत पुसायला नंतर कुठलंही फिल्टर लावलं तर चेहराही पुसट होतो, इथे मात्र पोताच्या सावल्या एकमेकींना खातात. सगळ्या स्कॅनरना हे सारखं लागू नाही. दोन्ही बाजूंनी दिवा असलेल्या मॉडेलवर फरक कमी पडतो.

घडी आणि स्कॅनरचा आणखी एक संबंध आहे. तुमचा स्कॅनर बारीक, यूएसबीच्याच विजेवर चालणारा असेल तर तो सीआयएस सेन्सरचा असणार. त्याला काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं. कागद एखादा मिलिमीटर वर उचलला गेला तरी तिथला भाग धूसर येतो. जाडजूड सीसीडी स्कॅनर याबाबत बराच माफ करतो. तुमच्या स्कॅनमध्ये घडीच्या दोन्ही बाजूंना पट्टाभर चेहरा धूसर दिसला तर डीपीआय वाढवून काही होणार नाही. फोटोच्या मागे काळा कागद, त्यावर मऊ फोमचा तुकडा आणि त्यावर एखादं पुस्तक ठेवून झाकण हळूच टेकवा. काळ्या कागदामुळे मागे लिहिलेलं असेल तर ते पुढे उमटत नाही. उन्हाळ्यात जुने प्रिंट कडक आणि ठिसूळ असतात. वळलेला फोटो अशा वेळी दाबून सपाट केला तर घडीवर नवा तडा जातो, पावसाळ्यात तोच कागद जरा नरम असतो. इस्त्री आणि वाफ मात्र कधीही नको.

स्कॅनआधीची साफसफाई थोडक्यात. फोटोवरची धूळ हातपंपाच्या ब्लोअरने किंवा मऊ कोरड्या ब्रशने उडवा. कुंकू पुसायचा प्रयत्न करू नका, ओल्या बोळ्याने तर नाहीच. वरचा जिलेटिनचा थर पाणी लागलं की फुगतो आणि कुंकू त्यात कायमचं बसतं. सुटी कुंकवाची पूड तेवढी ब्लोअरने जाऊ द्या, नाहीतर ती स्कॅनरच्या काचेवर चरे पाडेल. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यायचा, काचेवर फवारायचा नाही, तो कडेने आत उतरतो. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर सोलू नका. तो काचेसकट कॅमेऱ्याने कॉपी करायचं काम आहे आणि त्याचं तंत्र वेगळं.

कापाकापी स्कॅनच्या वेळी नको. पांढरी किनार पूर्ण घ्या, तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा सोडा. ती किनार दिसते तेव्हाच पिवळेपणा किती आहे याचं मोजमाप मिळतं, कारण तिथे मुळात कोरा कागद होता. फोटो जरा तिरपा पडला असेल तर सॉफ्टवेअरला आपोआप सरळ करू देऊ नका, काचेवरच हाताने सरळ ठेवून पुन्हा स्कॅन करा. मागच्या बाजूचाही ३०० ला एक स्कॅन घ्या, स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाच्या तरी अक्षरातली तारीख असते. रंगाचं प्रोफाइल ॲडोबी आरजीबी मिळालं तर ते, नाहीतर एसआरजीबीनेही काही अडत नाही, फक्त फाइलमध्ये ते जोडलेलं असू द्या. पहिली टिफ हात न लावता बाजूला ठेवा, नावात `_raw_1200` असं काही टाका आणि कामाला तिची प्रत घ्या.

घरच्या स्कॅनरवर ४८ बिट जमलंच नाही आणि पुन्हा दुकानात जावं लागलं तर त्यांना इतकंच सांगा: १२०० डीपीआय, ४८ बिट कलर, टिफ, कुठलंही करेक्शन नको, क्रॉप नको, आणि फोटो काचेवर १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन. फाइल पेनड्राइव्हवरच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आली की तिचा पुन्हा जेपीईजी होऊन, लहान होऊन येते.

मिळालेली फाइल खरी आहे का, हेही तपासा. अडीच बाय साडेतीन इंचांची १२०० ची ४८ बिट टिफ दाबलेली नसेल तर ७६ एमबीच्या आसपास असते, भोवतीची मोकळी जागा धरली की त्याहून जास्त. ३८ एमबीच्या आसपास असेल तर ती २४ बिट आहे. आकार बरोबर असूनही शंका असेल तर हिस्टोग्राम बघा. ८ बिटचं नंतर १६ केलेलं असेल तर प्रतीवर Levels ने छटा ताणल्यावर तो कंगव्यासारखा, मधे मधे फटी असलेला दिसतो. ४०० टक्के झूम करून गालावर बघा. आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दिसले तर जेपीईजीचीच टिफ करून दिलेली आहे. गडद केस आणि उजळ भिंत मिळतात त्या कडेला पांढरी रेघ दिसली तर धार लावलेली आहे.

घरात कुणाकडे निगेटिव्ह आहे का हे एकदा नक्की विचारा, काका-आत्यांकडे जुन्या पाकिटांत मिळतात. ती मिळाली तर वरचं बरंचसं सोडून द्या आणि तीच स्कॅन करा. पिवळेपणा, कुंकू, घडी हे सगळं प्रिंटचं आहे, निगेटिव्हला त्यातलं काहीच झालेलं नसतं. फक्त त्यासाठी फिल्म स्कॅन करणारा, झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. तुमच्या साध्या फ्लॅटबेडवर ते होणार नाही.

निगेटिव्ह नसेल तर नवा स्कॅन झाल्यावर पदराच्या डागाचा तुकडा लाल आणि निळा असे दोन्ही चॅनेल वेगळे काढून इथे टाका. डागाखाली किनार शिल्लक आहे की रंगवावी लागेल, ते त्यावरून सांगता येईल.